जर्मन खरेदीदाराशी पुरवठा करार: सीट सिंगापूर की संभाजीनगर?

प्रश्न: वकीलसाहेब, आमचं वाळूजला अॅल्युमिनियम डाय-कास्टिंगचं युनिट आहे. एका जर्मन कंपनीला पंपाची हाउसिंग पुरवायचा तीन वर्षांचा करार होतोय. मसुद्यातला क्लॉज असा आहे: वाद आधी सामोपचाराने मिटवायचा, नाही मिटला तर दोन्ही बाजूंनी एकेक असे दोन आर्बिट्रेटर, म्हणजे लवाद, नेमायचे, आर्बिट्रेशनचा व्हेन्यू सिंगापूर, कायदा भारतीय, आणि औरंगाबादच्या न्यायालयांना एकमेव अधिकार. हा क्लॉज चालेल का? आम्ही जिंकलो तर पैसे जर्मनीतून येतील का? आणि ते जिंकले तर इथे आमच्यावर काय होईल?

उत्तर:

आहे तसा सही करू नका. यातली प्रत्येक ओळ एकेकटी वाचली तर ठीक वाटते, पण एकत्र आल्या की त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. असे क्लॉज बहुतेक वेळा दोन-तीन जुन्या करारांतून उचलून जोडलेले असतात.

क्लॉज शेवटाकडून वाचत या, असं मी कारखानदारांना सांगतो. अवॉर्ड, म्हणजे आर्बिट्रेटरचा निवाडा, हातात आला आहे असं धरा आणि तो कुठल्या मालमत्तेवर चालवायचा ते आधी ठरवा. तुमचं येणं जर्मनीत आहे. त्यांचं तुमच्यावरचं येणं, म्हणजे माल नाकारणं, वॉरंटी, त्यांची लाइन थांबल्याची भरपाई, वसूल होईल ते वाळूजच्या प्लॉटवरून, मशिनरीवरून आणि बँक खात्यांवरून. म्हणजे या क्लॉजमधून निघणारा अवॉर्ड जर्मन न्यायालयातही टिकायला हवा आणि उच्च न्यायालयाच्या आपल्या औरंगाबाद खंडपीठातही. सीट, नियम आणि आर्बिट्रेटरची संख्या याच कसोटीवर ठरवायची.

सीटपासून सुरुवात करू, कारण तुमच्या मसुद्यात सगळ्यात मोठी गडबड तिथेच आहे. सीट म्हणजे सुनावणीची खोली नव्हे. आर्बिट्रेशन ज्या देशाचं आहे असं कायदा मानतो ती जागा म्हणजे सीट. अवॉर्ड रद्द करायचा अर्ज फक्त तिथल्या न्यायालयात होतो आणि प्रक्रियेवर देखरेखही त्याच न्यायालयाची असते. 2012 च्या बाल्को निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं की सीट परदेशात असेल तर आपल्या 1996 च्या आर्बिट्रेशन कायद्याचा पहिला भाग लागू होत नाही. कलम 34 खाली अवॉर्डला आव्हान देण्याची सोय त्या पहिल्या भागातच आहे.

आता तुमचा क्लॉज बघा. एकीकडे व्हेन्यू सिंगापूर, दुसरीकडे औरंगाबादच्या न्यायालयांना एकमेव अधिकार. मग सीट कुठली? यावर सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल वेगवेगळ्या वाटांनी गेलेत. 2018 च्या हार्डी एक्सप्लोरेशनमध्ये व्हेन्यू लिहिला म्हणून तीच सीट होत नाही असं म्हटलं. 2019 च्या बीजीएस सोमामध्ये उलट: विरुद्ध खूण नसेल तर व्हेन्यू हीच सीट. 2020 च्या मनकस्तू प्रकरणातला क्लॉज तुमच्या क्लॉजचा सख्खा भाऊ शोभेल, आर्बिट्रेशन हाँगकाँगला आणि न्यायालयं नवी दिल्लीची. तिथे सीट हाँगकाँग ठरली. 2025 च्या डिसॉर्थो प्रकरणात आर्बिट्रेशन बोगोटाला व्हायचं होतं, तरी बाकीच्या खुणा बघून न्यायालयाने आर्बिट्रेटर नेमण्याचा अधिकार भारताकडे आहे असं ठरवलं. प्रत्येक निकालामागे कारणं आहेत. पण तुमच्यासारख्या कारखानदाराला यात दिसायची गोष्ट वेगळीच आहे. हे पक्षकार दिल्लीपर्यंत गेले ते मालाच्या वादासाठी नाही, वाद कुठे चालवायचा एवढंच ठरवण्यासाठी. ‘सीट’ हा शब्द सरळ लिहिला असता तर त्यातला बराचसा वेळ वाचला असता.

जाता जाता: करारात नुसतं ‘औरंगाबाद’ ठेवू नका. जिल्ह्याचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, खंडपीठ अजून जुन्या नावाने ओळखलं जातं आणि बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे. शहर लिहायचंच असेल तर महाराष्ट्र, भारत असं पूर्ण लिहा.

मग सीट कुठली घ्यावी? ‘आपल्या गावची’ हे उत्तर मनाला बरं वाटतं, पण त्यातून मिळणारा फायदा लोक समजतात तेवढा नसतो. समोरचा परदेशी असला की भारतात चालणारं आर्बिट्रेशनसुद्धा आंतरराष्ट्रीय व्यापारी आर्बिट्रेशन ठरतं. आर्बिट्रेटर नेमण्याचा अर्ज मग उच्च न्यायालयात नाही, थेट सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. कलम 34 मध्ये देशी अवॉर्डविरुद्ध ‘उघड बेकायदेशीरपणा’ असं एक कारण मिळतं, तेही या प्रकारात मिळत नाही. म्हणजे सीट इथे आणूनही आव्हानाची सगळ्यात रुंद वाट बंदच राहते. शिवाय जर्मन खरेदीदार संभाजीनगरला तयार होणार नाही आणि तुम्ही फ्रँकफर्टला तयार होऊ नये.

सिंगापूर ही तडजोड वाईट नाही, पण ती जाणूनबुजून निवडा. परदेशी अवॉर्ड भारतात चालवायला दोन अटी लागतात. तो देश 1958 च्या न्यूयॉर्क कराराचा सदस्य असावा लागतो, आणि भारत सरकारने त्या देशाला राजपत्रात अधिसूचित केलेलं असावं लागतं. दुसरी अट लोक विसरतात. करारावर सही केलेले देश पावणेदोनशेच्या आसपास आहेत, आपण अधिसूचित केलेले त्याच्या निम्मेही नाहीत. सिंगापूर, जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, जपान, अमेरिका त्यात आहेत. आखातातली किंवा आफ्रिकेतली एखादी सीट समोरून सुचवली गेली तर सही करण्याआधी ही यादी काढून बघायची. देश यादीत नसेल तर तिथला अवॉर्ड इथे आपल्या कायद्याच्या अर्थाने ‘परदेशी अवॉर्ड’ ठरतच नाही.

सीट सिंगापूर असली म्हणून सगळ्यांनी विमानाने तिथे जायला हवं असं नाही. सुनावणी मुंबईत किंवा ऑनलाइन घेता येते, फक्त त्यामुळे सीट बदलत नाही असं एक वाक्य करारात टाकायचं.

आता नियम. तुमच्या क्लॉजमध्ये ते अजिबात नाहीत. म्हणजे हे आर्बिट्रेशन कुठल्याही संस्थेशिवाय, पक्षकारांनीच हाकायचं. समोरच्याने आर्बिट्रेटर नेमलाच नाही, फी भरली नाही, नोटिशीला उत्तर दिलं नाही, की प्रत्येक वेळी न्यायालयाचं दार ठोठावायचं. देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या करारात मी हा धोका घ्यायला सांगत नाही. संस्था घ्या. सीट सिंगापूर असेल तर सिंगापूर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटर, म्हणजे SIAC, सोयीची. सीट मुंबई ठरली तर मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन आहे. नाव मात्र संस्थेच्या नमुना क्लॉजमधून अक्षर न अक्षर उचला. ‘सिंगापूरच्या चेंबरचे नियम’ किंवा ‘जिनिव्हाचं आंतरराष्ट्रीय लवाद न्यायालय’ असली अर्धवट नावं बघायला मिळतात, आणि मग अशी संस्था आहे का, यावरच पहिली तारीख जाते. ‘आर्बिट्रेशन सुरू होताना लागू असलेले नियम’ असंही लिहा, कारण नियम बदलत असतात. SIAC चे सध्याचे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू आहेत.

या नव्या नियमांत तुमच्या उपयोगाची एक सोय आली. वादाची रक्कम 10 लाख सिंगापूर डॉलरपर्यंत असेल, म्हणजे ढोबळमानाने साडेसहा-सात कोटी रुपये, तर एक सुटसुटीत प्रक्रिया लागू होते. तिच्यात आर्बिट्रेटर एक, काम शक्यतो कागदपत्रांवर, आणि आर्बिट्रेटर नेमल्यापासून तीन महिन्यांत अवॉर्ड. तुमच्या कराराची उलाढाल बघता बहुतेक वाद याच मापात बसतील.

इथून संख्येचा प्रश्न येतो. दोन आर्बिट्रेटर ही कल्पना काढूनच टाका. भारतात सीट असेल तर कलम 10 सम संख्येला मनाई करतं. नारायण प्रसाद लोहिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलंय की हरकत वेळेत घेतली नाही तर ती सोडून दिली असं धरलं जाईल, म्हणजे या मनाईवर निवांत विसंबताही येत नाही. सिंगापूरची सीट असेल तर आपलं कलम 10 लागूच होणार नाही. मग दोन जण बसतील आणि त्यांचं एकमत झालं नाही की गाडं तिथेच रुतेल.

एक की तीन? तिघांची फी आणि तिघांच्या तारखा जुळवणं हे काही लाख युरोच्या वादाला परवडत नाही. पण त्याहून मोठं कारण अवॉर्डच्या अंमलबजावणीत आहे. आर्बिट्रेटरचं मंडळ पक्षकारांच्या करारानुसार नेमलेलं नसेल तर परदेशी न्यायालय अवॉर्ड नाकारू शकतं. न्यूयॉर्क करारात ते कारण आहे आणि आपल्या कलम 48 मध्येही. 2017 मध्ये शांघायच्या न्यायालयाने नेमक्या याच कारणावर SIAC चा एक अवॉर्ड नाकारला. नोबल रिसोर्सेस या कंपनीच्या करारात तीन आर्बिट्रेटर लिहिले होते. संस्थेने जलद प्रक्रियेच्या नियमाखाली एकच नेमला. संस्थेच्या नियमांप्रमाणे ते बरोबर होतं, पण मालमत्ता चीनमध्ये आणि तिथल्या न्यायालयाने करारातला आकडा धरला. जिंकलेला पक्ष अवॉर्ड हातात घेऊन बसला. तुम्ही सुटसुटीत प्रक्रियेच्या मापातले असाल तर क्लॉजमध्ये ‘तीन’ लिहून हे भांडण स्वतःच ओढवून घेऊ नका. ‘एक’ लिहा. आणि तो नेमण्याचा अधिकार कुणा एका बाजूला देऊ नका, संस्थेकडे ठेवा. एकाच पक्षाने एकटा आर्बिट्रेटर नेमणं 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून आपल्याकडे चालत नाही, आणि 2024 मध्ये घटनापीठाने सरकारी कंपन्यांच्या करारांबाबतही तोच सूर कायम ठेवला.

हे सगळं एकत्र बसवलं की क्लॉजचा मजकूर साधारण असा होतो. मूळ करार इंग्रजीत असेल, अर्थ हा ठेवा:

> या करारातून किंवा त्याच्या संदर्भात उद्भवणारा कोणताही वाद, कराराचं अस्तित्व, वैधता किंवा समाप्ती यांविषयीच्या प्रश्नासह, सिंगापूर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटरच्या व्यवस्थापनाखाली, आर्बिट्रेशन सुरू होताना लागू असलेल्या त्या सेंटरच्या नियमांनुसार आर्बिट्रेशनकडे सोपवला जाईल आणि त्यातच अंतिमतः निकाली निघेल. आर्बिट्रेशनची सीट सिंगापूर राहील. सुनावणी अन्यत्र किंवा ऑनलाइन घेतली तरी सीट बदलणार नाही. आर्बिट्रेटर एक असेल. भाषा इंग्रजी असेल. करारास भारतीय कायदा आणि या आर्बिट्रेशन क्लॉजला सिंगापूरचा कायदा लागू राहील. तात्पुरत्या दिलाशासाठी कोणत्याही सक्षम न्यायालयाकडे जाण्याची मुभा राहील.

‘सोपवला जाईल’ हे नीट बघा. ‘सोपवता येईल’ लिहिलं तर 2025 च्या ईस्टर्न कोलफील्ड्स निकालाप्रमाणे तो आर्बिट्रेशनचा करारच नाही असं ठरण्याची भीती आहे. सामोपचाराची पायरी ठेवायची असेल तर तिला 30 दिवसांची मुदत घाला. शेवटचं वाक्यही उगाच नाही. सीट परदेशात असली तरी 2015 च्या दुरुस्तीमुळे कलम 9 खाली इथल्या उच्च न्यायालयातून तात्पुरती मनाई मिळू शकते, मात्र पक्षकारांनी तसं नाकारलेलं नसावं. ही सोय त्यांनाही आहे हे लक्षात ठेवा. तुमच्याकडे पडलेल्या त्यांच्या डायसाठी, म्हणजे साच्यांसाठी, ते खंडपीठात येऊ शकतात.

आता अवॉर्ड हातात आल्यावरचं. समजा त्यांनी पोरॉसिटी, म्हणजे कास्टिंगमधल्या बारीक पोकळ्या, जास्त आहे म्हणून 4 लाख युरो अडकवले, तुम्ही SIAC कडे गेलात आणि जिंकलात. सिंगापूरचा अवॉर्ड जर्मनीत परदेशी अवॉर्ड म्हणून तिथल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 1061 खाली चालतो आणि अर्ज तिथल्या उच्च प्रादेशिक न्यायालयात करायचा असतो. जर्मन वकील लागेल, पण पोरॉसिटीचा वाद पुन्हा उकलायची पाळी येणार नाही. आपल्याकडचा हुकूमनामा घेऊन तिथे गेला असतात तर त्याच्यासाठी अशी कराराची तयार वाट नव्हती. आर्बिट्रेशन घ्यायचं खरं कारण हेच.

उलट बाजू बघू. ते जिंकले, अवॉर्ड तुमच्यावर आला. ते कलम 47 खाली अर्ज करतील. 2015 नंतर असा अर्ज जिल्हा न्यायालयात होत नाही, उच्च न्यायालयात होतो आणि मालमत्ता वाळूजला असल्याने आपल्या खंडपीठात. सोबत मूळ अवॉर्ड किंवा त्याची प्रमाणित प्रत, आर्बिट्रेशनचा करार आणि अवॉर्ड परदेशी असल्याचा पुरावा जोडावा लागतो. कागद जर्मन भाषेत असतील तर इंग्रजी भाषांतर लागतं, म्हणून क्लॉजमध्ये भाषा इंग्रजी ठेवली. परदेशी अवॉर्डवर मुद्रांक शुल्क भरावं लागत नाही, हे रिओग्लास सोलर प्रकरणात 2018 मध्ये ठरलंय. त्यांना मुदत तीन वर्षांची, वेदांता निकालाप्रमाणे. बारा वर्षं कुणीतरी सांगितली असतील तर ती देशी हुकूमनाम्याची.

तुम्ही हरकत घेऊ शकता, पण फक्त कलम 48 मधल्या कारणांवर: क्लॉज अवैध होता, नोटीस मिळाली नाही किंवा बाजू मांडता आली नाही, विषय कक्षेबाहेरचा होता, मंडळ किंवा प्रक्रिया कराराप्रमाणे नव्हती, अवॉर्ड सीटच्या न्यायालयाने रद्द केला किंवा अजून बंधनकारक झालेला नाही, विषय आर्बिट्रेशनला चालणाराच नव्हता, आणि भारताच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे. शेवटच्या कारणावर सगळ्यांचा भरवसा असतो आणि ते सगळ्यात अरुंद आहे. ‘आर्बिट्रेटरने पुरावा चुकीचा वाचला’ हे त्यात बसत नाही. विजय कारिया विरुद्ध प्रिस्मियन या 2020 च्या निकालात असल्या हरकतींचा ढीग घेऊन गेलेल्या पक्षावर सर्वोच्च न्यायालयाने 50 लाखांचा खर्च बसवला. अंमलबजावणी मंजूर झाली तर कलम 50 खाली अपील नाही. नामंजूर झाली तरच आहे. मंजुरीविरुद्ध उरते ती सर्वोच्च न्यायालयातली विशेष परवानगी याचिका.

आणि लांबवणं फुकट नाही. युरोतल्या अवॉर्डचे रुपये कुठल्या दिवसाच्या दराने करायचे? डीएलएफ विरुद्ध कोनचार या 2024 च्या निकालाप्रमाणे, हरकती अंतिमतः फेटाळल्या जाऊन अवॉर्ड अंमलात आणण्याजोगा होतो त्या दिवसाच्या दराने. समजा अवॉर्ड आला तेव्हा युरो 90 रुपये होता, 4 लाख युरो म्हणजे 3 कोटी 60 लाख. हरकती फेटाळेपर्यंत युरो 100 झाला तर तेच 4 कोटी, व्याज वेगळं. मध्येच न्यायालयात रक्कम जमा केलीत आणि समोरच्याला ती उचलता येत असेल तर तेवढ्या भागाला जमा केल्या दिवसाचा दर लागतो. म्हणून हरकत घ्यायचीच असेल तर काही रक्कम लगेच भरणं पुष्कळदा हिशेबाने स्वस्त पडतं.

नोटिशीच्या कारणाबद्दल एक सांगतो. इथल्याच एका कारखान्याच्या करारात नोटिशीसाठी परचेस मॅनेजरचा ईमेल दिला होता. तो माणूस नोकरी सोडून गेला, मेलबॉक्स कुणी बघेना, आर्बिट्रेशन एकतर्फी झालं. मालक ‘आम्हाला कळलंच नाही’ म्हणत आले. पण पत्ता करारात त्यांनीच दिलेला आणि बदल कळवलेला नाही. तुमच्या करारात पदाच्या नावाचा ईमेल द्या, व्यक्तीच्या नावाचा नको. सोबत कंपनीचा नोंदणीकृत पत्ता द्या, प्लॉटचा नव्हे.

सही होण्याआधी शेवटची तपासणी समोरच्या कंपनीची. अवॉर्ड सही करणाऱ्या कंपनीवरच चालतो, तिच्या ब्रँडवर नाही. बऱ्याच वेळा ऑर्डर देते मोठ्या नावाची कंपनी आणि सही असते खरेदीसाठी काढलेल्या छोट्या जीएमबीएचची, म्हणजे जर्मन मर्यादित कंपनीची, जिच्याकडे भाड्याचं ऑफिस आणि जर्मन कायद्याने लागणारं किमान 25 हजार युरो भांडवल एवढंच असतं. जर्मनीची कंपनी नोंदवही 2022 पासून ऑनलाइन विनाशुल्क बघता येते, ताळेबंदही काढता येतो. आकडे पोकळ निघाले तर मूळ कंपनीची हमी मागा, आणि त्या हमीपत्रातही हाच आर्बिट्रेशन क्लॉज शब्दशः घाला, नाहीतर हमीचा वाद जर्मन न्यायालयात आणि मालाचा सिंगापुरात असे दोन खटले चालवत बसाल.